एक तास नळ आणि चोवीस तास नळ: टाकी, पाइपाचा हिशोब

प्रश्न: नागपुरात आमच्याकडे नळ रोज तासभरच येतो. घरात पाच माणसं. टाकी आणि पाइप केवढा ठेवू? पुढे २४ तास पाणी आलं तर बदल करावा लागेल का?

माणशी १३५ लिटर धरले तर रोज ६७५ लिटर लागतात. एखादा दिवस नळ आलाच नाही तर दोन दिवसांचे १३५० होतात, म्हणून जमिनीखाली १५०० लिटरची टाकी आणि वर ५०० ची पुरे.

पाइपाचं गणित मात्र वेळेवर चालतं. ६७५ लिटर तासाभरात भरायचे तर मिनिटाला सव्वाअकरा लिटर यायला हवेत. मीटरपासून टाकीपर्यंत २० मीटर अंतर असेल, तर १५ मिमी पाइपात घर्षणानेच सुमारे दोन मीटर दाब, म्हणजे पाणी दोन मीटर उंच चढवण्याइतका जोर, जातो, २० मिमीत अर्धा मीटर. सगळ्यांचे नळ एकदम उघडलेले असताना गल्लीच्या टोकाला दाबच दोन-तीन मीटर उरतो, तेव्हा हा फरक टाकी भरणार की अर्धी राहणार ते ठरवतो. म्हणून २० मिमी टाका. मोटार थेट नळाला लावू नका: लाइनीत ओढ तयार होते आणि गळक्या सांध्यातून नालीचं पाणी आत येतं. टाकीतूनच वर चढवा.

२४ तास पुरवठ्यात दाब दहा मीटरच्या वर टिकला, तर तोच १५ मिमी पाइप पुरतो. खालची टाकी मग बंदच करा. दीड हजार लिटर दोन दिवसांहून जास्त साचून राहतात आणि त्यातला क्लोरीन उडून जातो. दुरुस्तीच्या दिवसापुरती वरची ५०० ची ठेवा, पिण्याचा नळ थेट लाइनीवर घ्या.