उशीर मोजू नका, उत्तर वाचा

न्यू जर्सीच्या ताई, आपण लिहिता, “पुण्याचा मुलगा बोलतो छान, पण माझ्या मुलीला चार-चार दिवस उत्तर देत नाही. ‘पितृपक्ष झाला की बघू’, असा त्याच्या आईचा निरोप आला आहे. हा होकार समजावा की नकार?” आपली घालमेल मला समजते. मात्र उत्तर यायला किती दिवस लागले याचा हिशेब आपण ठेवत बसला आहात, तो आधी बंद करा.

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याचे लग्न ठरत असताना तो आठवड्यातून एकदाच लिहीत असे आणि माझी बहीण हवालदिल होई. पण त्याच्या प्रत्येक पत्रात मुलीला विचारलेला एखादा प्रश्न असे, आणि बोलायचे ठरलेले रद्द करावे लागले तर पुढचा वार तोच सुचवत असे. याउलट माझी पुतणी एका मुलाला तासाभरात उत्तर देई, “हो, छान”, “नक्की बोलू”. तिने स्वतःहून कधी काही विचारले नाही, आणि ते स्थळ पुढे सरकले नाही. संथ माणूस उशिरा का होईना, संभाषण पुढे नेतो. मन काढून घेतलेला माणूस केवळ सभ्यता पाळतो.

आपल्या पत्रातच पाहा. मुलाने दोनदा “या शनिवारी जमणार नाही” असे कळवले, पण कोणता दिवस जमेल हे एकदाही सांगितले नाही. मला खटकते ते एवढेच. सध्या आपल्यात आणि पुण्यात साडेनऊ तासांचे अंतर आहे, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात; इतक्या सोयीच्या वेळेला पर्याय सुचवणे कुणालाही अवघड नाही.

पितृपक्षाचे कारण मात्र लगेच खोटे ठरवू नका, कारण अनेक घरांत त्या पंधरवड्यात लग्नाची बोलणी खरोखरच करत नाहीत. पण सर्वपित्री अमावास्येनंतर घटस्थापना येते, तेव्हा ही अडचण आपोआप संपते. दसऱ्यापर्यंत त्यांच्याकडून फोन आला तर ते घर सावकाश चालणारे आहे. न आल्यास मध्यस्थांना एकदाच स्पष्ट विचारा. जूनमध्ये दिलेल्या पत्रिकेचे गुण जुळत नसल्याचे आता ऑक्टोबरमध्ये ऐकू आले, तर तो नकारच समजा आणि वाद घालू नका. कुणाचे मन न दुखवता नाही म्हणण्याची आपल्याकडची ती जुनी सोय आहे.

तोवर मुलीने एकच नेमका प्रश्न विचारून थांबावे. आपण तिचा फोन चाळता, हे पत्रावरून उघड दिसते. ते तेवढे थांबवा. मांसाहार आणि व्हिसा यांविषयीचे आपले प्रश्न दसऱ्यानंतर गरज उरली तर पाहू.