घोरपडीचं पिल्लू की पाल? फोटोत आधी बोटं आणि डोळा बघा

"बांधावरचे दगड हलवताना हे बोटाएवढं पिल्लू निघालं, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. घरचे म्हणतात घोरपडीचं पिल्लू, लई विषारी, मारून टाक. सोबत भिंतीवरच्या पालीचा आणि कुंपणावरच्या सरड्याचा पण फोटो टाकलाय. नक्की काय आहे?"

मारू नका, ही घोरपड नाही. ही लेपर्ड गेको, म्हणजे जमिनीवर राहणारी एक पालच आहे, आणि तिच्यात विष अजिबात नसतं. आपल्याकडे दगडाखाली, बांधाच्या कपारीत सापडते, रात्री बाहेर पडते आणि किडे खाते.

आता कशावरून ते सांगतो. रंग पहिल्यांदा बघूच नका, रंगानेच सगळ्यांची फसगत होते. फोटो झूम करून पायाची बोटं बघा. तुमच्या भिंतीवरच्या पालीची बोटं चपटी, पसरट आहेत, खाली आडव्या पट्ट्यांची गादी असते, म्हणून ती काचेवर पण चढते. दगडाखालच्या पिल्लाची बोटं बारीक आहेत, गादी नाही. इथेच लोक म्हणतात की गादी नाही म्हणजे पाल नाही, मग घोरपडच असणार. पण लेपर्ड गेको भिंती चढत नाही, तिला गादी लागतच नाही.

म्हणून पुढे डोळा बघायचा. तुमच्या फोटोत बुबुळ उभी फट दिसतंय, मांजराच्या डोळ्यासारखं, आणि डोळ्याभोवती फिकट पापणीची कड पण आहे. घरातल्या पालीला उघडझाप करणारी पापणी नसते, ती जिभेने डोळा पुसते, लेपर्ड गेकोला मात्र पापणी असते. घोरपडीचं आणि सरड्याचं बुबुळ गोल असतं. फक्त एक सांभाळा, अंधारात पालीचं बुबुळ इतकं मोठं होतं की जवळजवळ गोल दिसतं, त्यामुळे रात्रीच्या फोटोत गोल दिसलं म्हणून लगेच घोरपड म्हणायचं नाही. फट दिसली तर मात्र घोरपड बाद. मी स्वतः एकदा अशाच रात्रीच्या फोटोवरून चुकीचं नाव सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी उजेडातला फोटो आला तेव्हा कळलं, आणि तेव्हापासून नुसत्या गोल बुबुळावर मी काही ठरवत नाही.

तिसरं शेपूट. तुमच्या पिल्लाची शेपूट जाड, कड्या-कड्यांची, अंगापेक्षा लांब नाही. घोरपडीच्या पिल्लाची शेपूट अंगापेक्षा बरीच लांब आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते. शिवाय ते अंड्यातून निघतं तेव्हाच साधारण वीतभर असतं, म्हणजे बोटाएवढी घोरपड तुम्हाला मिळणारच नाही. त्याच्या अंगावर असे रुंद पट्टे नसतात, पिवळसर ठिपके आडव्या ओळींत मांडलेले असतात, मान लांब असते, आणि जीभ सापासारखी दुभंगलेली, सारखी आत-बाहेर. जीभ बाहेर असलेला एक फोटो मिळाला की विषयच संपला.

कुंपणावरचा तुमचा सरडाच आहे, नर आहे, त्याचं डोकं-गळा लाल झालाय, विणीच्या दिवसांत होतो. मादी आणि पिल्लं तपकिरी असतात, अंगावर लांब फिकट रेघा असतात, त्यांना लोक सापसुरळी समजतात. पण सरड्याचे खवले खरखरीत, प्रत्येकाच्या मध्ये कणा असल्यासारखे आणि मानेवर काट्यांची रांग, सापसुरळी एकदम गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चकचकते. भिंतीवरची पाल नेमकी कुठल्या जातीची ते या फोटोवरून सांगता येणार नाही, त्यासाठी बोटांची खालची बाजू दिसायला हवी, म्हणजे पाल काचेवर असताना पलीकडून काढलेला फोटो.

पुढच्या वेळी वरून एकच फोटो काढू नका. खाली बसून डोक्याचा एका बाजूने, मग एका पायाचा, मग शेपटीच्या टोकापर्यंत पूर्ण अंगाचा. हातात धरू नका, पाल असेल तर शेपूट टाकून देते आणि नवीन येते ती साधी, वेगळ्याच रंगाची, मग ओळखायला अजून अवघड.

आणि खरंच घोरपड दिसली तर फोटो टाका पण गाव, शेत, लोकेशन टाकू नका. मांसासाठी आणि नराचं जननेंद्रिय वाळवून 'हाथाजोडी' नावाची मुळी म्हणून विकायला लोक तिला मारतात, आणि ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं हाच गुन्हा आहे.

तुमचं हे पिल्लू अजून डब्यात असेल तर आज अंधार पडल्यावर त्याच बांधाला नेऊन सोडा, आणि तो दगड होता तसा परत ठेवा, खाली थोडी पोकळी राहील असा.