एचएफ गाईचं दूध आणि पुण्याचं गिऱ्हाईक: दही, पनीर की तूप?

प्रश्न: "माझ्याकडे ८ एचएफ गाई आहेत, रोज ९०-१०० लिटर दूध डेअरीला घालतो. त्याऐवजी तूप, पनीर किंवा दही करून पुण्यात थेट घरोघरी विकलं तर परवडेल का? सुरुवात कशापासून करू?"

दादा, दह्यापासून करा. पनीर फक्त ऑर्डरवर आणि तूप उरलेल्या दह्यातून. आम्ही जुन्नर तालुक्यातले, मोशी चिखली पिंपळे सौदागर या बाजूच्या सोसायट्यांना माल देतो, गाई आमच्याही एचएफच आहेत, त्यामुळे खालचे आकडे म्हशीच्या किंवा गीरच्या दुधाला लावू नका.

बहुतेक जण सुरुवात तुपापासून करायला जातात कारण तूप टिकतं आणि किलोला हजार रुपये ऐकायला मोठे वाटतात. पण आधी हिशोब बघा. एचएफचं दूध ३.५ फॅटचं धरा, म्हणजे १०० लिटरमध्ये साडेतीन किलोच्या आसपास फॅट आहे, त्यातलं थोडं ताकात जातं, थोडं बेरीत जातं, तर दह्याचं लोणी काढून १ किलो तूप करायला साधारण ३२ ते ३५ लिटर दूध जातं. डेअरीचा दर ३३ धरला तर ३२ लिटरचे १०५६ रुपये झाले, वर गॅस आणि बरणी धरा ६०, म्हणजे १११६ ला तुमचं तूप घरातच पडलं. हजाराने विकलं तर दिवसभर राबून वर ११६ रुपये खिशातून. गाडीचं डिझेल अजून धरलंच नाही. म्हणजे एचएफच्या तुपात पैसा तुपात नाहीये, तो ताकात आहे, ३२ लिटरचं दही घुसळल्यावर तीसेक लिटर ताक निघतं आणि ते ३० रुपये लिटरने विकलं गेलं तरच गणित बसतं. उन्हाळ्यात जातं, डिसेंबरात कोण घेतंय! क्रीम सेपरेटर घेतला तर फॅट जास्त निघतं हे खरं, पण मग सपरेट दुधाचं काय करणार, त्याला गिऱ्हाईक शोधणं ताकापेक्षा अवघड.

पनीरला १ किलोला आपलं ७ लिटर दूध लागतं, कधी साडेसात, म्हशीचं असतं तर ५ मध्ये भागलं असतं. ७ लिटरचे २३१, वर गॅस, पॅकिंग, वाहतूक मिळून ६० धरा, ४०० ने विकलं तर १०९ रुपये राहतात म्हणजे लिटरमागे १५. वाईट नाही, पण दुकानात त्याच्या शेजारी स्वस्त पनीर पडलेलं असतं आणि गिऱ्हाईक भावच विचारतं, शिवाय गाईचं पनीर मऊ, टिक्क्याला शिगेत घातलं की तुटतं. भुर्जीला, पराठ्याला, लहान पोरांना नुसतं खायला एक नंबर. हे आम्ही आधीच सांगून टाकतो म्हणजे तक्रार येत नाही. गुरुवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्यायची, शुक्रवारी करायचं, शनिवारी द्यायचं, ऑर्डरपेक्षा अर्धा किलोसुद्धा जास्त करायचं नाही. करताना दूध ९० डिग्रीपर्यंत तापवून ७५ पर्यंत खाली येऊ द्या, लिटरमागे २ ग्रॅमच्या हिशोबाने सायट्रिक अॅसिड गरम पाण्यात विरघळवून हळूहळू सोडा आणि पाणी हिरवट पिवळं, आरपार दिसणारं झालं की लगेच थांबा. पाणी दुधाळ राहिलं तर तुमचा माल पाण्यातून चाललाय आणि अॅसिड जास्त पडलं तर पनीर आंबट आणि चिवट होतं.

आता दही. दह्यात दूध जवळजवळ सगळंच विकलं जातं, गाळून फेकायला काही नाही, हा त्याचा मोठा फायदा. ४० लिटरचा हिशोब देतो. एचएफच्या दुधाचा एसएनएफ कमी, तसंच विरजलं तर दही पातळ होतं आणि चमचा घातला की पाणी सुटतं, म्हणून दूध आटवून ४० चं ३६ वर आणायचं. (दूध पावडर टाकूनही घट्ट होतं, पण मग ते लेबलवर लिहावं लागतं आणि आपण जे "फक्त दूध आणि विरजण" सांगून विकतो ते संपलं.) ३६ किलोचे ४०० ग्रॅमचे ९० कप होतात, ४० रुपयांनी ३६०० झाले. खर्च: दूध १३२०, कप झाकण सील ४०५, गॅस लाईट २००, बर्फ आणि डिझेल एका फेरीला ७००, एकूण २६२५. वर राहिले ९७५. त्यातून नऊ-दहा कप न विकता परत आले की सहाशेच्या आसपास उरतात, म्हणजे डेअरीच्या दरावर लिटरमागे १५, आणि यात घरच्या माणसाची मजुरी नाही. बघितलंत का, पनीर आणि दही लिटरमागे सारखेच पडले. पण पनीर आठवड्यातून एकदा जातं, दही एक दिवसाआड त्याच घरात जातं, आणि गाडी दह्याने भरली की पनीर तूप त्याच डिझेलमध्ये जातं. म्हणून दही आधी.

दही कसं लागतं यावर सगळं आहे म्हणून हे जरा नीट सांगतो. दूध ९० डिग्रीला निदान दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, नुसती उकळी आणून खाली उतरवलं तर तेवढं घट्ट लागत नाही. मग ४२-४३ पर्यंत गार करायचं, थर्मामीटरनेच, बोट बुडवून नाही, कारण ५० ला विरजण टाकलं तर ते मरतं आणि ३५ ला टाकलं तर वेळ लागतो आणि दुसरेच जंतू वाढून दह्याला तार येते. विरजण लिटरला १५-२० ग्रॅम पुरतं, जास्त टाकलं की लवकर लागतं पण आंबट होतं. मोठ्या पातेल्यात लावून कपात भरू नका, विरजण हलवून घेतलेलं दूध थेट कपात ओता, वरून झाकून पाच-सहा तास अजिबात हलवायचं नाही, कडेने सुटल्यासारखं दिसलं आणि कप थोडा कलता केल्यावर दही एकसंध सरकलं की तडक फ्रिजमध्ये. इथे तासभर उशीर म्हणजे पुण्यात पोहोचेपर्यंत आंबट. रात्रभर ४ डिग्रीला गार झालेलंच दही गाडीत चढवायचं, कोमट दही गाडीत बसलं की चाकणच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं पाणी होतं, म्हणून आम्ही पहाटे चाकण ओलांडतो. मातीच्या मडक्यातलं दही फोटोत छान दिसतं, पण मडकं पाझरतं, फुटतं आणि नीट सील होत नाही, तेव्हा लांबच्या गिऱ्हाइकाला कपच बरे.

आता एक गोष्ट जी डेअरीला दूध घालताना आपल्याला कधी जाणवत नाही. गाईला मस्टायटिस झाला, सडात ट्यूब सोडली, की त्या दुधात औषध उतरतं आणि ते औषध विरजणाचे जंतूही मारतं. एकाच गाईचं दूध मिसळलं तरी पूर्ण बॅच लागत नाही, सकाळी बघावं तर दूध तसंच पातळ, किंवा अर्धवट लागलेलं आणि वास वेगळा. विरजण तेच, तापमान तेच आणि तरी दही लागलं नाही तर पहिला संशय औषधाचा घ्या. प्रत्येक गाईचं वाटीभर दूध उकळून गार करून वेगळं विरजा, जिची वाटी लागली नाही ती गाय सापडली. ट्यूबच्या खोक्यावर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस त्या गाईचं चारही सडांचं दूध बाजूला, फक्त दुखऱ्या सडाचं नाही. वाटी लागली म्हणजे औषध शून्य असंही समजू नका, दिवस पूर्ण होऊ द्याच. ते दूध गिऱ्हाइकाच्या घरातलं लेकरू खाणार आहे.

उरलेल्या दह्याचं काय, तर तूप. सील न उघडलेले आणि थंड राहिलेले कप परत आले की फ्रिजमध्ये साठवायचे, दोन-चार दिवसांनी पहाटे थंड वेळेला घुसळायचं, उन्हाळा असेल तर बर्फ टाकून, लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि मंद आचेवर कढवायचं. फार आंबटलेलं दही यात घेऊ नका, तुपाला तो वास राहतो. कढताना तडतड आवाज कमी झाला, फेस बसला आणि खाली बेरी बदामी झाली की उतरवा. आवाज चालू असताना उतरवलं तर पाणी आत राहिलं, महिन्यात वास येणार, आणि बरणी ओली असेल तरी तेच. गाळून बरणीत भरल्यावर रात्रभर हलवू नका आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, हळूहळू गार झालं तरच रवाळ होतं, आणि पुण्याचं गिऱ्हाईक आधी रवाच बघतं. असं तूप महिन्याला थोडंच निघतं, पण त्याचं दूध आधीच दह्याच्या खात्यात धरलेलं असतं, म्हणून ते परवडतं. "ए२ आहे का" हा प्रश्न रोज येईल. एचएफ आहे म्हणून सरळ सांगा, ज्याला ए२च हवंय तो दुसरीकडे जाईल, जाऊ द्या.

डेअरी मात्र सोडू नका. सुरुवातीला २० लिटरचंच दही करा, बाकीचं घालत राहा. गाई आटतात, सोसायटीतली माणसं मे महिन्यात आणि दिवाळीत गावाला जातात, तेव्हा दूध घ्यायला डेअरीच असते. एफएसएसएआयची नोंदणी त्यांच्या FoSCoS वेबसाइटवर माल विकायच्या आधी करून घ्या, लहान कामाला साधी नोंदणी चालते, आणि कपवर तो १४ आकडी नंबर, वजन, पॅकिंगची तारीख आणि किती दिवसांत खायचं हे छापा. आम्ही दह्यावर फ्रिजमधले ७ दिवस लिहितो, पण लिहायच्या आधी तुमच्याच बॅचचे काही कप फ्रिजमध्ये ठेवून रोज एक उघडून खाऊन बघा, तुमच्या विरजणाचं किती दिवस टिकतं ते त्यावरूनच कळेल.