दुसऱ्या वर्षाचा आकडा आधी काढ

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. नोकरीची पंधरा लाखवाली ऑफर घेऊ की साडेतेरावाली, आणि घरचे सगळे पंधरा म्हणतायत. अगं, पण लेटर नीट वाचलंस का? त्या पंधरात दीड लाख जॉइनिंग बोनस धरलाय, तो एकदाच मिळणार. मग पुढच्या वर्षी पंधरा कुठून येणार? दुसरं वर्ष बघ.

एक शीट उघड, दोन ऑफर, प्रत्येकीची दोन वर्षं, सगळं टॅक्सच्या आधीचं. पहिलीत फिक्स्ड 11 लाख, पण त्यात ग्रॅच्युइटीचे साधारण 26 हजार घुसवलेत (बेसिक साडेपाच लाख, त्याचे 4.81 टक्के), आणि परमनंट नोकरीत ती सहसा पाच वर्षं काढल्यावरच हातात पडते, म्हणून वजा कर. कंपनीचा पीएफ राहू दे, तो तुझाच पैसा. उरले 10.74. व्हेरिएबल अडीच लाख लिहिलंय, ते पूर्ण धरू नकोस, 60 टक्के धर, म्हणजे दीड. पहिलं वर्ष बोनससकट 13.74, दुसरं 12.24.

आता दुसरी ऑफर. फिक्स्ड 13, ग्रॅच्युइटी वेगळी, व्हेरिएबल 50 हजार, त्याचे 60 टक्के 30 हजार. शिवाय आईबाबांचा मेडिक्लेम कंपनी भरते, तो तू स्वतः काढलास तर 40 हजार जातात असं तूच म्हणालीस. दोन्ही वर्षं 13.70.

म्हणजे पहिल्या वर्षी जवळपास बरोबरी, आणि दुसऱ्या वर्षी जवळपास दीड लाखाचा फरक. बरं, व्हेरिएबल दोन्हीकडे शंभर टक्के मिळालं असं धरलं तरी दुसऱ्या वर्षी 13.24 विरुद्ध 13.90. इन्क्रिमेंट पण फिक्स्डवरच लागणार असेल तर 8 टक्के 11 वर आणि 8 टक्के 13 वर, हे अंतर दरवर्षी वाढतच जाणार. दुसरं वर्ष बघ म्हणतो ते उगाच नाही गं.

मी नाही बघितलं. बोनसचा चेक बघून सही केली, व्हेरिएबल आलं 40 टक्के, दहाव्या महिन्यात सोडायचं ठरवलं तर बोनस परत मागितला, तोही टॅक्स कापायच्या आधीचा पूर्ण आकडा, हातात कमी आले होते तरी. लोक अजून बोलतात. पण मला तेव्हा भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं, दुसरा पैसा नव्हता, आणि तशीच अडचण परत आली तर मी कदाचित परत तेच करेन. तुझी तशी अडचण आहे का? नाहीये ना, मग कशाला?

उद्या पहिल्या कंपनीच्या एचआरला मेलवरच विचार, फोनवर नको: गेल्या दोन वर्षांत या लेव्हलला व्हेरिएबल प्रत्यक्ष किती टक्के दिलं, आणि बोनस किती महिन्यांच्या आत सोडलं तर परत द्यायचा. उत्तर गोलमोल आलं तर 60 च्या जागी 40 टाक. शीट मला पाठव, रात्री बघतो.