नोटिशीतला मान कुठे बसतो

प्रश्न: जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या नोटिसा मी लिहितो. 'सर्व सन्माननीय सभासदांना सूचित करण्यात येते की' असं लिहिलं की पोरं वाचत नाहीत. साधं लिहिलं की जुने सभासद म्हणतात, 'हुकूम सोडतोय काय?' छोटे शब्द वापरून मान राखायचा कसा?

मराठीत मान नामापेक्षा क्रियापदात आणि हाकेत जास्त असतो. आपल्या गावात हे कळायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. शेजारच्या कानडी घरात गेलं की 'बर्री' म्हणतात, आणि सगळा मान त्या शेवटच्या 'री'त असतो. तेलुगू घरात तो नावामागच्या 'गारू'त असतो. आपल्याकडे 'ये'चं 'या' झालं, 'आला'चं 'आले' झालं की काम झालं. 'अध्यक्ष महोदय उपस्थित राहणार आहेत' यातला मान 'आहेत'मध्ये आहे. म्हणून 'अध्यक्ष येणार आहेत' लिहिलं तरी अध्यक्षांचं काही कमी होत नाही. 'अध्यक्ष येणार आहे' लिहिलं तर मात्र मागे कितीही 'महोदय' लावा, गेला मान.

मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांच्या नोटिसा दिवसभर हाताखालून जातात, म्हणून तुमची अडचण मला ओळखीची आहे. परवाच एक नोटीस जुळवायला आली होती. तीच घेऊ:

'सर्व सन्माननीय सभासदांना याद्वारे सूचित करण्यात येते की, इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम रविवार रोजी सकाळी ७ ते ११ या कालावधीत हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा खंडित राहील. तरी सर्व सभासदांनी आवश्यक तेवढ्या पाण्याची साठवणूक करून ठेवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'

नोटीस घेऊन आलेल्या तरुण सेक्रेटरीने काउंटरवरच ती कापली: 'रविवारी ७ ते ११ टाकी धुणार. पाणी येणार नाही. पाणी भरून ठेवा.' आणि मला म्हणाला, 'आता कसं वाटतंय?' मी म्हटलं, बोर्डावर लावा, संध्याकाळी पहिल्या मजल्यावरचे काका खाली येतील.

यात एकही शब्द वाईट नाही. 'टाकी', 'धुणार', 'पाणी', 'भरून ठेवा' यातला कुठलाही शब्द वडिलांसमोर बोलायला अडत नाही. मग टोचतं काय? एक तर हाक गेली. कोणाला सांगतोय हेच नाही. दुसरं, टाकी कोण धुणार तेही नाही. 'करण्यात येते' हा प्रकार कंटाळवाणा खरा, पण तो एक काम करत होता: करणाऱ्याला पडद्याआड ठेवत होता. पडदा काढला की कोणीतरी पुढे यावं लागतं. इथे कोणी आलंच नाही, म्हणून वाक्य उघडं पडलं. तिसरं, शेवट थेट आज्ञेवर झाला. 'ठेवा' हे आदरार्थीच आहे, पण आज्ञाही आहे. समोरासमोर आपण 'पाणी भरून ठेवा हं काका' म्हणतो तेव्हा चेहरा आणि 'हं' तिला मऊ करतात. बोर्डावर दोन्ही नसतात.

मग आम्ही दोघांनी मिळून केली ती अशी:

'सर्व सभासदांस नमस्कार. रविवारी सकाळी ७ ते ११ आपल्या इमारतीची टाकी धुऊन घेत आहोत. तेवढा वेळ नळाला पाणी येणार नाही. शनिवारी रात्रीच लागेल तेवढे पाणी भरून ठेवावे, ही विनंती.'

४४ शब्दांचे २९ झाले. 'सन्माननीय'च्या जागी 'नमस्कार' आला. कारण मानाचं विशेषण दुरून चिकटवता येतं, नमस्कार समोर उभं राहून करावा लागतो. 'सभासदांस' हे जुन्या पत्रातलं रूप मी मुद्दाम ठेवलं. आपल्या आजोबांची पत्रं आठवा. 'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.' इथे सगळा मान एका ओळीत मोजून द्यायचा, आणि त्यानंतर 'ज्वारी निघाली, बैल बरा आहे' असं अगदी घरचं लिहायचं. शेवटी पुन्हा 'कळावे, लोभ असावा'. मधल्या मजकुराला कोणी 'बैलाच्या प्रकृतीत सुधारणा झाल्याचे निदर्शनास आले आहे' असं लिहिलं नाही, आणि बाबांना राग आला नाही.

'धुऊन घेत आहोत' यातला 'आहोत' नीट बघा. कर्ता लिहिलेला नाही, पण क्रियापद सांगतं की कोणीतरी 'आम्ही' किंवा 'आपण' आहे. वाचणाऱ्याला स्वतःला त्यात बसवून घेता येतं.

फक्त 'आपण' शब्दाची एक खोड आहे. 'आपण टाकी धुऊन घेऊ' यात तो तुम्ही-आम्ही मिळून असा आहे. 'आपण पाणी भरून ठेवावे' यात तो मानाचा 'तुम्ही' आहे. एकाच नोटिशीत दोन्ही आले की गोंधळ होतो. मी एकदा 'आपण रंगकाम काढले आहे, आपण आपापल्या गाड्या हलवाव्यात' असं जुळवून दिलं, आणि 'गाड्या कमिटी हलवणार का?' अशी विचारणा झाली. तेव्हापासून एका कागदावर 'आपण' एकाच अर्थाने ठेवतो. दुसऱ्या जागी 'सभासदांनी' लिहितो.

आता 'ठेवावे'. या '-आवे'त मान नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. 'तू यावंस' असंही आपण म्हणतोच ना? '-आवे'त असते ती मोकळीक. करायचं की नाही हे ऐकणाऱ्यावर सोडलेलं असतं. लेखी मजकुरात ही मोकळीकच आदरासारखी वाटते. पण तो वापरायचा तर लिंग-वचन सांभाळावं लागतं: पाणी भरावे, टाकी भरावी, बादल्या भराव्यात, अर्ज भरावा. 'मेंटेनन्स भरावे' असं बोर्डावर दिसलं की मला खडा लागतो. 'कृपया' मात्र मी सहसा काढतो. 'कृपया गाड्या रस्त्यात लावू नका' यात 'कृपया'ने सुरुवात होते आणि 'नका'ने चापट बसते. 'गाड्या रस्त्यात लावू नयेत' पुरतं.

तुमच्या जुन्या सभासदांना खरा टोचतो तो मजकूर पाण्याचा नसतो, पैशाचा असतो. 'थकबाकीदार सभासदांनी विहित मुदतीत देय रकमेचा भरणा करावा' हे छोटं करायला गेलं की 'ज्यांनी मेंटेनन्स थकवला आहे त्यांनी लगेच भरावा' असं होतं. शब्द सोपे झाले आणि भांडण लागलं. कारण 'थकवणे' सकर्मक आहे, त्यात कोणीतरी मुद्दाम केलेलं असतं. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: थकणे-थकवणे, तुटणे-तोडणे, वाया जाणे-वाया घालवणे. 'नळ तुटला आहे' म्हटलं की नळाचं बोलणं असतं, 'नळ तोडला आहे' म्हटलं की माणसाचं. जोडीतल्या पहिल्या शब्दासारखा शब्द घ्या: 'ज्यांचा मेंटेनन्स राहिला आहे त्यांनी १० तारखेपर्यंत भरावा.' राहिला आहे. कोणाचाही राहू शकतो, गावाला गेले असतील. आपल्याकडे पाण्याची पाळी ठरलेली, त्यामुळे 'पाणी वाया घालवू नका' हा फलक दर दुसऱ्या जिन्यात असतो. तिथे 'पाणी वाया जाऊ नये' लिहिलं तर शब्द तेवढेच, पण बोट कोणाकडे नाही.

थोडं पत्रिकांचं. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'च्या जागी 'अगत्य यावे' लिहा. जुनं आहे, छोटं आहे आणि त्यात ओढ आहे. 'भोजनाचा आस्वाद घ्यावा'ऐवजी 'जेवूनच जावे'. 'सहकुटुंब सहपरिवार' मात्र लोक सोडत नाहीत, दोन्ही एकच आहे म्हणून सांगून मी दमलो.

प्रत्येक जड शब्दाला हलका जोडीदार असतोच असं नाही. 'मृत्यू'साठी आहे. एक म्हातारे गृहस्थ वडिलांच्या दिवसांची पत्रिका द्यायला आले होते. मी सवयीने 'यांचे दुःखद निधन झाले' टाकलं. ते म्हणाले, 'निधन पेपरात होतंय ओ मालक. आमचे अप्पा वारले.' 'वारले' तीन अक्षरी, 'आले-गेले'सारखं आदरार्थी चालणारं आणि घरचं. त्यांच्या शेजारी लिंगायत घर असतं तर तिथे 'लिंगैक्य' राहिलं असतं, आणि मी त्याला हात लावला नसता. तो शब्द जड म्हणून ठेवलेला नसतो, श्रद्धेने ठेवलेला असतो. 'पत्नी'चं 'बायको' केलं तर दुसऱ्याच्या घराबद्दल बोलताना ते उघडं वाटतं. तिथे 'घरच्या' किंवा 'मंडळी' चालतं. 'मातोश्री'ला मात्र 'आई' सहज पुरते, क्रियापद अनेकवचनी ठेवलं की झालं: 'तुमच्या आई कशा आहेत?' 'ज्येष्ठ नागरिक'चं 'म्हातारे' करू नका, 'वडीलधारे' करा.

सोसायटीच्या कागदातले काही शब्द कायद्याचे असतात. 'वार्षिक सर्वसाधारण सभा'ची 'वर्षाची मीटिंग' करायची नाही, 'गणपूर्ती' आणि 'ठराव' तसेच राहू द्यायचे. उद्या वाद झाला तर तोच कागद पुढे करावा लागतो. त्या शब्दांच्या भोवतीचं सोपं करा: 'वार्षिक सर्वसाधारण सभा रविवारी संध्याकाळी ६ वाजता गच्चीवर आहे. सर्वांनी यावे.' ठरावाच्या मसुद्यात 'थकबाकीदार'ही ठेवा, फक्त तो जिन्यातल्या बोर्डावर आणू नका.

नोटीस लावण्याआधी मी एक करतो. प्रत्येक वाक्याच्या आधी 'अरे' लावून मोठ्याने वाचतो, मग 'अहो' लावून. 'अरे, पाणी येणार नाही' आणि 'अहो, पाणी येणार नाही' दोन्ही चालतात. म्हणजे या वाक्यात मान नाही आणि अपमानही नाही, ती नुसती बातमी आहे. अशी वाक्यं ओळीने आली आणि वर हाक नसली की नोटीस कोरडी लागते. सेक्रेटरीची पहिली नोटीस अशीच होती. 'ठेवा'ला 'अरे' लागत नाही, पण एवढ्या कोरड्या बातम्यांनंतर ते एकटं काय करणार? हाक आधी द्या, मग तेच 'ठेवा'सुद्धा चालेल: 'काका-काकूंनो, शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.' आमच्या गल्लीतल्या बोर्डावर मी हेच लिहितो. फक्त 'बे' येऊ देत नाही. तो कट्ट्यावर ठीक आहे.