मागच्या अंगणाचा बाग-नकाशा : आधी पातळ्या, मग वर्तुळे

प्रश्न : पुण्यात बंगल्यामागे 9 मीटर रुंद आणि 6 मीटर खोल जागा आहे. घराच्या दक्षिणेला, मागच्या भिंतीकडे उतार. कोपऱ्यात जुना पेरू आहे, तो ठेवायचाय. माळी आणि गवंडी दोघांना कळेल असा नकाशा मला स्वतः काढायचाय. झाडांची वर्तुळे किती मोठी काढायची आणि पातळ्या कशा दाखवायच्या?

उत्तर :

वर्तुळांकडे शेवटी या. पातळ्या चुकल्या की झाडांच्या जागाही हलतात, म्हणून नकाशाची सुरुवात मोजणीने होते.

जागेच्या चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. 9 बाय 6 चा खरा काटकोन चौकोन असेल, तर दोन्ही कर्ण 10.82 मीटर येतील. त्यांत दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक आला, तर जागा तिरकी आहे. मग बाजू आणि कर्ण यांचे त्रिकोण करून, कंपासने कोपरे गाठत बाह्यरेषा काढा. हे टाळले तर फरशीच्या ओळी भिंतीपाशी पाचरीसारख्या निमुळत्या होत जातात आणि प्रत्येक फरशी कापावी लागते.

प्रमाण 1:50 घ्या. 9 मीटर म्हणजे 18 सेंटिमीटर, 6 मीटर म्हणजे 12, त्यामुळे ए-फोर कागदावर नकाशा बसून बाजूला झाडांच्या यादीलाही जागा उरते. 1:100 ला मोगऱ्याचे वर्तुळ इतके लहान होते की त्यात नाव लिहिता येत नाही. घर कागदाच्या तळाशी आणि मागची भिंत वर काढा. तुमच्या जागेत उत्तरेचा बाण खाली येईल, येऊ द्या.

पातळीसाठी दहा-बारा मीटरची पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. त्यात बुडबुडा राहू देऊ नका आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा. अंगठा राहिला की पाणी खोटी पातळी दाखवते. घराचे जोते 10.00 मीटर माना. शून्य मानले तर अंगणभर उणे आकडे येतात आणि गवंड्याची तिथेच गफलत होते. जोत्याच्या बरोबर एक मीटर वर भिंतीवर खूण करा, म्हणजे ती 11.00. हीच पातळी ट्यूबने अंगणात ठिकठिकाणी न्या आणि तिथून जमिनीपर्यंत खाली मोजा. मागच्या भिंतीशी 1.90 मीटर आले, तर तिथली जमीन 9.10.

आता उदाहरण म्हणून घराशी जमीन 9.55 आणि मागे 9.10 धरू. 6 मीटरमध्ये 45 सेंटिमीटर, म्हणजे मीटरला साडेसात. एवढ्या उतारावर खुर्ची सरळ उभी राहत नाही आणि पावसात माती वाहते. म्हणून दोन टप्पे करा. घराला लागून 2.4 मीटर खोल फरशीचा ओटा, 9.55 पासून 9.51 पर्यंत. चार सेंटिमीटरचा हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी घराकडे येत नाही. मग 15 सेंटिमीटर उंचीचे दोन चढ आणि मध्ये 30 सेंटिमीटर रुंद एक पायरी. खाली 9.21 येते. उरलेले 3.3 मीटर मागे 9.10 ला मिळतात, तिथे उतार साधारण 1:30 राहतो.

कागदावर ओट्याच्या कडेला 14 सेंटिमीटर भराव दिसतो, कारण मूळ जमीन तिथे 9.37 आहे आणि ओटा 9.51. पण 9.51 ही फरशीच्या माथ्याची पातळी आहे. शहाबादी फरशी 3, मसाला 4 आणि खालचे काँक्रीट 10, असे 17 सेंटिमीटर वजा केले की खोदाईचा तळ 9.34 येतो. म्हणजे भराव नाहीच, उलट कडेला 3 आणि घराशी 17 सेंटिमीटर खोदायचे आहे. हे न लिहिल्यामुळे गवंडी आधी भर टाकतो, फरशी जोत्याजवळ चढते आणि पावसाचे पाणी दारात येते. म्हणून ओट्यावर दोन आकडे लिहा : ‘तयार 9.51’ आणि ‘खोदाईचा तळ 9.34’. कंसात मूळ जमीनही द्या. पातळी जिथली आहे तिथे बारीक अधिक चिन्ह काढा, नाहीतर आकडा नेमका कुठला ते कळत नाही. पायऱ्यांवरचा बाण चढणीकडे काढून ‘वर’ लिहा. पाण्याच्या उताराचा बाण मात्र खालच्या दिशेने. दोन्ही सारखेच काढले की गोंधळ झालाच, म्हणून पाण्याचा बाण निळा ठेवा.

आता पेरू. समजा खोड मागच्या भिंतीपासून 1.5 आणि उजव्या भिंतीपासून 2 मीटरवर आहे, आणि पसारा 3.6 मीटर. पसाऱ्याच्या घरालगतच्या कडेला मूळ जमीन 9.35 आणि नवी 9.21, म्हणजे 14 सेंटिमीटर खोदाई. पेरूची अन्न घेणारी बारीक मुळे याच वरच्या थरात असतात. ती तुटली की काही महिन्यांत शेंडे वाळू लागतात. मातीची भर टाकणेही तितकेच वाईट. म्हणून 7.2 सेंटिमीटरचे वर्तुळ तुटक रेषेने काढा, आत ‘मूळ पातळी, खोदू नये’ लिहा आणि खोड ठळक काळे भरा. त्या बाजूला पायऱ्या नकोत. ओट्याची कड तिथे 16 सेंटिमीटरच्या दगडी बांधाने संपवा, पण बांधाचा पाया मुळांत खोल नेऊ नका.

पायऱ्या डाव्या भिंतीपासून 3.0 ते 4.2 मीटरमध्ये घ्या. त्यांच्यापुढे 90 सेंटिमीटरची पायवाट सरळ मागे जाते. यापेक्षा अरुंद ठेवली तर पाटी घेऊन जाणारा माणूस वाफ्यात पाय टाकतो. पायवाट आणि पेरूचे वर्तुळ यांच्यामध्ये साधारण मीटरभर पट्टा उरतो. दोन पातळ्यांमधला फरक तिथेच सौम्य उताराने मिटवा आणि त्यावर 80 सेंटिमीटर अंतराने चार मोगरे लावा. सकाळचे ऊनही मिळेल.

नव्या झाडाचे वर्तुळ रोपाच्या आकाराचे नसते, पूर्ण वाढीच्या पसाऱ्याचे असते. कागदी लिंबू डाव्या मागच्या कोपऱ्यात हवे असेल, तर 3 मीटर धरा. खोडाचा ठिपका दोन्ही भिंतींपासून दीड मीटर आत आणि वर्तुळ 6 सेंटिमीटरचे. ‘जागा रिकामी दिसते’ म्हणून खोड भिंतीशी सरकवले की चार वर्षांत फांद्या शेजारी. झुडपांना लहान वर्तुळ आणि मध्यबिंदू. एकाच जातीची असतील तर बिंदू रेषेने जोडून एकदाच ‘मो-4’ लिहा. गवताला नुसते ठिपके, पण कडेपुरते. पूर्ण भरले की आकडे वाचता येत नाहीत. चिन्हे सुंदर हवीत असे नाही, पण यादीतल्या खुणेशी जुळायलाच हवीत.

पाणी शेवटी मागच्या भिंतीशी गोळा होणार. पायवाटेच्या टोकाला जाळीचा चेंबर घ्या, जाळी 9.06 वर, आणि डाव्या कोपऱ्यापासून तिथपर्यंत भिंतीलगत उथळ पन्हळ काढा. 3.6 मीटरमध्ये चार सेंटिमीटरचा उतार मिळतो. हे केले नाही, तर लिंबाच्या मुळाशी पाणी साचून मुळे कुजतात. या चेंबरचे पाणी पुढे कुठे जाते ती नळी, जुने ड्रेनेज चेंबर आणि पाण्याची लाईन तुटक रेषेने आधीच दाखवा, म्हणजे झाकणावर वाफा येणार नाही.

प्रत्येक खोडाला दोन भिंतींपासूनची दोन मापे द्या. माळी कागदावर पट्टी लावून मोजत नाही, आणि झेरॉक्समध्ये प्रमाण थोडे बदलतेच.