नुसतं 'चालत नाहीये' आलं तर
अरे, मदत मागणाऱ्या कुणाचा मेसेज नुसता 'कालपासून चालत नाहीये, सगळं करून बघितलं' एवढाच आला ना, की लगेच रीस्टार्ट करा म्हणू नकोस. कालपासून म्हणजे परवा चालू होतं, मधे काहीतरी बदललंय, आणि 'सगळं' म्हणजे त्याने आधीच सेटिंगमधे हात घातलाय, ते काय काय केलं ते नंतर विचार. आधी एवढंच विचार, फोन की लॅपटॉप, काय उघडत होतात आणि स्क्रीनवर नेमकं काय येतंय, जसंच्या तसं. समजा उत्तर आलं, लॅपटॉप, कुठलीच साईट उघडत नाही, Your connection is not private येतंय, तर वायफायच्या मागे न लागता आधी लॅपटॉपवरची तारीख बघायला सांग, चुकीची असली की हेच होतं.